समजून घ्या : मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडते, निर्णय मात्र पहिल्या सहा तासांतच घ्यावे लागतात, मग शेवटच्या इच्छा लिहायच्या कुठे?

पहाटे चारला रुग्णालयातून फोन येतो. सातपर्यंत सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात. आठ वाजता कोणीतरी विचारते, ‘अमेरिकेतल्या मुलीसाठी थांबायचे का?’ दुसरा विचारतो, ‘डोळे द्यायचे होते ना त्यांना?’ तिसरा भटजींना फोन लावून मोकळा झालेला असतो. घरात कपाट आहे, कपाटात लॉकरची किल्ली आहे, लॉकरमध्ये नोंदणी केलेले मृत्युपत्र आहे. त्याच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे, की माझ्यावर कोणतेही विधी करू नयेत. ते पान उघडेपर्यंत दिवस, वर्षश्राद्धाची तयारी आणि नातेवाइकांचे रुसवेफुगवे, सगळे होऊन गेलेले असते.

पनवेल, नवीन पनवेल, खारघर, कामोठे या पट्ट्यात असा प्रसंग नवा नाही. दादर-गिरगावातली जागा सोडून इकडे आलेले निवृत्त आई-वडील, एक मूल पुण्यात आणि दुसरे परदेशात, गावी कोकणात जुने घर, हे चित्र इथल्या कोणत्याही सोसायटीत दिसेल. अशा घरांत मृत्युपत्र करण्याचे प्रमाण वाढते आहे. पण फ्लॅट कोणाला आणि ठेवी कोणाला, एवढेच मृत्युपत्रात नीट बसते. अंत्यसंस्कार कसे व्हावेत, आजीचे घंगाळ कोणाकडे जावे, ज्या मुलाशी दहा वर्षे धड बोलणे झाले नाही त्याला काय सांगायचे, हे त्यात बसत नाही. त्यासाठी जगभर एक वेगळा कागद लिहिला जातो. इंग्रजीत त्याला ‘लेटर ऑफ विशेस’ म्हणतात.

नावातच पहिला घोटाळा

या कागदाला मराठीत सरळ ‘इच्छापत्र’ म्हणावेसे वाटते, आणि नेमके तेच करू नये. मराठीत इच्छापत्र हा शब्द मृत्युपत्राच्याच अर्थाने रूढ आहे. वकिलांच्या मसुद्यांतही ‘इच्छापत्र’ म्हणजे विल. घरच्यांसाठी साध्या कागदावर लिहिलेल्या सूचनांना हे नाव दिले, तर उद्या कोणीही म्हणू शकेल, की हेच शेवटचे मृत्युपत्र आहे आणि आधीचे रद्द झाले. ‘शेवटचे पत्र’ हे शीर्षकही नको. तारीख नसलेला असा कागद अचानक झालेल्या मृत्यूनंतर सापडला, तर पोलीस त्यातून भलताच अर्थ काढू शकतात. ‘माझ्या माघारी घरच्यांसाठी सूचना’ असे साधे, रोखठोक शीर्षक पुरते. या लेखात त्याला ‘माघारीचे पत्र’ म्हणू.

कायद्याच्या दृष्टीने मृत्युपत्र आणि हे पत्र यांत फरक एकाच गोष्टीचा आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही लागते आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावे लागते. नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क नाही, साधा कागदही चालतो. पण दोन साक्षीदार हवेतच. माघारीच्या पत्राला साक्षीदार नसतात, आणि ते नसावेत हेच बरे. साक्षीदार नसल्यामुळेच ते पत्र राहते, कायदेशीर दस्त होत नाही.

मग त्याचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. न्यायालयात जवळपास काही नाही. घराच्या दारात मात्र खूप आहे. याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे.

करमाळ्याचा कागद

सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याचा मृत्यू पाहिला. त्याच्या पत्नीवर अंत्यविधीच्या वेळी काय लादले गेले, तेही पाहिले. बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, कुंकू पुसणे. झिंजाडे यांनी मुद्रांकावर घोषणापत्र केले, की आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर यातला कोणताही प्रकार होऊ नये. त्यांच्या पाठोपाठ आणखी काही पुरुषांनी तशी तयारी दाखवली. पुढे ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले.

हा कागद नीट पाहिला तर त्यात मालमत्ता नाही, वारस नाही, वाटणी नाही. आपल्या मृत्यूच्या दिवशी आपल्या घरात काय होऊ नये, एवढेच त्यात आहे. म्हणजे ते अस्सल माघारीचे पत्रच. तो न पाळणाऱ्या नातेवाइकाला केवळ त्या कागदाच्या आधारे तुरुंगात पाठवता येणार नाही. पण आत्याबाई हिरव्या बांगड्यांकडे हात नेतात तेव्हा बायकोला ‘मला हे नको’ असे म्हणणे जड जाते, आणि ‘त्यांनीच लिहून ठेवले आहे’ असे म्हणणे सोपे जाते. नकाराचे ओझे मेलेल्या माणसाने उचललेले असते. या पत्राची ताकद आहे ती एवढीच, आणि ती कमी नाही.

दुसरी गोष्ट अशी, की झिंजाडे यांनी हे लपवून ठेवले नाही, जाहीर केले. कपाटात बंद राहिलेल्या कागदाने हेरवाडचा ठराव झाला नसता.

उलट उदाहरण देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचे. पंडित नेहरूंनी १९५४ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्यासाठी कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे स्पष्ट लिहिले होते. मूठभर रक्षा गंगेत आणि उरलेली विमानातून शेतांवर टाकावी, अशीही इच्छा होती. मे १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दहनाच्या वेळी धार्मिक विधी झाले. रक्षेबाबतची इच्छा मात्र पुढे पाळली गेली. वैचारिकदृष्ट्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही श्राद्ध-पिंडदान नको, हरताळ नको, दहन विद्युतदाहिनीत व्हावे, असे लिहून ठेवले होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांच्यावर मुंबईत विद्युतदाहिनीतच अंत्यसंस्कार झाले. दोघांच्याही इच्छा लेखी होत्या. तरीही एकाची काही अंशी पाळली गेली आणि काही अंशी नाही. अंत्यसंस्काराची इच्छा शेवटी हजर असलेल्या माणसांच्या हाती असते, मग ती कितीही मोठ्या माणसाने लिहिलेली असो.

कायदा अंत्यसंस्काराबद्दल काय म्हणतो?

कायदा खर्चाबद्दल बोलतो, विधीबद्दल नाही. मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने, म्हणजे एक्झिक्युटरने, मृताच्या ऐपतीला साजेशा अंत्यविधीसाठी त्याच्या मालमत्तेतून पैसे उपलब्ध करावेत, असे कलम ३१६ सांगते. हा वाजवी खर्च इतर सगळ्या कर्जांच्या आधी भागवावा, असे कलम ३२० सांगते. लाकडे की विद्युतदाहिनी, दहावे-तेरावे की नुसती शोकसभा, यावर या कलमांत अवाक्षर नाही.

प्रत्यक्षात अडचण येते ती पैशांचीच. निधनाची खबर बँकेला लागली की एकट्याच्या नावाचे खाते थांबते आणि नॉमिनीलाही पैसे मिळायला मृत्यू दाखला व अर्जाचे सोपस्कार करावे लागतात. म्हणून पत्रात पहिल्या दिवसाचे पैसे कुठून घ्यायचे ते लिहावे. ‘बायकोबरोबरच्या संयुक्त खात्यातून’ किंवा ‘देवघराखालच्या खणात पाकीट आहे’ एवढे पुरे. गोपाळ गणेश आगरकरांबद्दल सांगितले जाते, की त्यांच्या माघारी उशाशी अंत्यविधीच्या खर्चाची छोटी पुडी सापडली. १८९५ सालची ती व्यवस्था आजच्या यूपीआयच्या काळातही चालेल, कारण मृताच्या फोनचा पिन कोणाला ठाऊक नसतो.

नेत्रदान आणि देहदान यांना मात्र घड्याळ लावलेले असते. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. हे चार शब्द आणि नेत्रपेढीचा फोन नंबर पत्राच्या पहिल्याच पानावर हवा. देहदानाचा अर्ज आयुष्यात भरलेला असला, तरी वैद्यकीय महाविद्यालये जवळच्या नातेवाइकांची संमती मागतात. शवविच्छेदन झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजारांत मृत्यू झालेला देह घेतला जात नाही. त्यामुळे ‘देहदान करावे’ एवढेच लिहिणे अपुरे ठरते. ‘ते शक्य नसेल तर विद्युतदाहिनी, आणि ती त्या दिवशी बंद असेल तर लाकडावरही माझी हरकत नाही’ अशी उतरंड लिहावी. नाहीतर दुरुस्तीला काढलेल्या दाहिनीपायी मुलगा आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे या पत्रात लिहून उपयोग नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिलेले आणि २०२३ साली सोपे केलेले आगाऊ वैद्यकीय निर्देश वेगळे करावे लागतात. त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.

एक पत्र, ओळीगणिक तपासून

आता एक काल्पनिक पण ओळखीचे घर घेऊ. नवीन पनवेलमध्ये राहणारे ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक. पत्नी, पुण्यात मुलगा, न्यू जर्सीत मुलगी. तीन वर्षांपूर्वी मृत्युपत्र केले आहे. फ्लॅट पत्नीला, ठेवी मुलगा-मुलीला निम्म्या-निम्म्या, आणि ‘उरलेली सर्व जंगम मालमत्ता मुलाला’. एका संध्याकाळी ते वहीच्या कागदावर घरच्यांसाठी पत्र लिहितात. त्यातल्या ओळी अशा :

‘नेत्रदान करावे. ताईसाठी थांबू नका, ती पोचेपर्यंत दीड दिवस जाईल. तिने व्हिडिओवर पाहिले तरी मला चालेल. अस्थी नाशिकला नेऊ नका, हरिहरेश्वरला सोडा. तेराव्याचे जेवण नको, त्याऐवजी गावच्या शाळेला पन्नास हजार द्या. पेटी नातीला. एचएमटीचे घड्याळ जावईबापूंना. आजीचे तांब्याचे घंगाळ मुलीला. हिच्या पाटल्या सुनेला.’

पहिल्या तीन इच्छा अगदी जागेवर आहेत. किंबहुना ‘ताईसाठी थांबू नका’ ही साऱ्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ आहे. ती नसेल, तर न थांबण्याचा निर्णय भावाच्या नावावर लागतो आणि बहीण दहा वर्षांनीही ‘तू माझी वाट पाहिली नाहीस’ म्हणते. हे वाक्य वडिलांच्या अक्षरात असले की दोघेही सुटतात. अस्थींबद्दलची ओळही अशीच. हरिहरेश्वर रायगडातच आहे, नाशिकचा प्रवास वाचतो, आणि ‘परंपरा मोडली’ असे म्हणणाऱ्या काकांना उत्तर मिळते.

शाळेच्या पन्नास हजारांवर मात्र थांबावे लागेल. ही रीतसर देणगी आहे, म्हणजे मालमत्तेचे दान. साक्षीदार नसलेल्या पत्रातून ते होत नाही. ठेवी मुलगा-मुलीला गेल्या आहेत, त्यामुळे शाळेला द्यायचे की नाही हे आता त्या दोघांच्या मर्जीवर. मुलगा हो म्हणेल आणि मुलगी म्हणेल, आधी माझा वाटा द्या. गुरुजींना शाळेला नक्की द्यायचे असेल, तर मृत्युपत्रात दुरुस्ती करावी. कायद्यात तिला कोडिसिल म्हणतात, पुरवणी मृत्युपत्र. तिलाही तेच दोन साक्षीदार लागतात. नाहीतर सोपा मार्ग, जिवंतपणीच धनादेश द्यावा.

पेटी, घड्याळ आणि घंगाळ यांची गंमत वेगळी. मृत्युपत्राप्रमाणे ही ‘उरलेली जंगम मालमत्ता’ आहे, म्हणजे कायद्याने मुलाची. पत्र त्याला विनंती करते, की यातली पेटी तुझ्या भाचीला दे. बहुतेक मुले देतात. वाद होतो तो वस्तू ओळखण्यावरून. घंगाळे दोन निघतात, एक नवीन पनवेलच्या माळ्यावर आणि एक गावच्या घरी. ‘आजीचे’ म्हणजे कोणाच्या आजीचे? म्हणून वस्तूचा फोटो, ती कुठे आहे आणि तिची एखादी खूण लिहावी. ‘माळ्यावरचे, कडीला तार बांधलेले घंगाळ’ म्हटले की प्रश्न मिटतो. ती वस्तू त्याच माणसाला का, हे एका ओळीत सांगितले तर आणखी बरे. जावयाला घड्याळ मिळाले आणि मुलाला नाही, याचे कारण ‘गेल्या आजारपणात दवाखान्यात रात्री हेच बसायचे’ असे असेल, तर मुलालाही ते पटते.

आणि शेवटची ओळ तर लिहायलाच नको होती. पाटल्या पत्नीच्या आहेत. ते तिचे स्त्रीधन. नवरा ते पत्रानेही देऊ शकत नाही आणि मृत्युपत्रानेही नाही. ज्येष्ठ पुरुषांच्या कागदांत ही चूक सर्रास होते, आणि मुलगी-सून यांच्यात त्यावरून जो अबोला सुरू होतो तो जिवंत असलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत.

यातून एक घरगुती कसोटी काढता येते. जी वस्तू विकून चार पैसे येतील, ती मृत्युपत्रात जावी. जी विकायला काढली तर भंगारवालाही नाक मुरडेल, पण घरात दोघांना हवी आहे, ती पत्रात. सोन्याचा एक वेढाही मृत्युपत्रात. यात सवलत देण्यासारखे काही नाही.

‘सोबतच्या पत्राप्रमाणे’ : सापळा इथे आहे

अनेक मृत्युपत्रांत एक निरागस वाक्य असते, ‘घरातील वस्तूंची वाटणी सोबतच्या पत्राप्रमाणे करावी.’ लिहिणाऱ्याला वाटते, सोय झाली. पण उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे, साक्षांकित मृत्युपत्रात एखाद्या कागदाचा उल्लेख असेल आणि तो कागद त्या वेळी प्रत्यक्ष लिहिलेला असेल, तर तो मृत्युपत्राचाच भाग मानला जातो. म्हणजे साधे पत्र एका वाक्याने कायदेशीर दस्त झाले. त्यातली अंत्यसंस्काराची भाषा, मुलावरचा राग, शेजाऱ्याबद्दलचा शेरा, सगळे मृत्युपत्रात आले.

त्याची उलट बाजू आणखी त्रासाची. मृत्युपत्र मार्चमध्ये केले आणि पत्र जूनमध्ये लिहिले, तर पत्र ‘त्या वेळी लिहिलेले’ नव्हते, म्हणून कलम ६४ लागू होत नाही. किंवा पत्र मार्चचेच होते, पण जूनमध्ये फाडून नवे लिहिले. आता मृत्युपत्र ज्या पत्राकडे बोट दाखवते ते अस्तित्वात नाही आणि जे आहे ते त्यात धरता येत नाही. वस्तू द्यायच्या कोणाच्या म्हणण्याने? तारखांची ही जुळवाजुळव करण्यात वकिलांचा वेळ आणि घरच्यांचा पैसा जातो.

तिसरी तऱ्हा म्हणजे अतिउत्साहाची. पत्र ‘पक्के’ व्हावे म्हणून कोणीतरी शेजारच्या दोघांच्या सह्या घेतो. आता दोन साक्षीदार, नंतरची तारीख आणि ‘हे याला, ते त्याला’ अशी भाषा असलेला कागद तयार झाला. ही पुरवणी आहे की नवे मृत्युपत्र, यावर भांडायला जागा झाली. नोंदणीकृत मृत्युपत्रही साध्या कागदावरच्या, पण रीतसर साक्षांकित नव्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

म्हणून दोन्ही कागदांत एकेक वाक्य हवे. मृत्युपत्रात असे : ‘मी घरच्यांसाठी वेगळ्या सूचना लिहून ठेवल्या असतील किंवा पुढे लिहीन, त्या केवळ विनंतीच्या स्वरूपाच्या असून या मृत्युपत्राचा भाग नाहीत.’ आणि पत्राच्या सुरुवातीला असे : ‘हे मृत्युपत्र नाही. माझे मृत्युपत्र अमुक तारखेचे आहे आणि तेच लागू आहे. यातील सूचना आणि मृत्युपत्र यांत फरक आढळल्यास मृत्युपत्रच खरे मानावे.’ पत्राची भाषाही ‘देतो’, ‘मालकी राहील’ अशी नको. ‘द्यावे अशी इच्छा आहे’, ‘दिल्यास आनंद वाटेल’ अशी असावी.

मुस्लिम कुटुंबांसाठी हा मुद्दा अधिक नाजूक आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वसीयत लेखी असण्याची किंवा ती साक्षांकित असण्याची सक्ती नाही. हेतू स्पष्ट असेल तर साधे पत्रही वसीयत ठरू शकते, आणि सर्वसाधारणपणे एकतृतीयांश मालमत्तेपुरतीच ती चालते. तेव्हा पनवेलच्या मोहल्ल्यातील कोणी असे पत्र लिहिणार असेल, तर ‘ही वसीयत नाही’ हे पहिल्याच ओळीत हवे.

मनातले मृत्युपत्रात का लिहू नये?

मृत्युपत्र न्यायालयात प्रोबेटसाठी गेले की ते घरापुरते राहत नाही. रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. त्यांचे २०२२ सालचे मृत्युपत्र आणि पुरवण्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यातला तपशील वर्तमानपत्रांत छापून आला. टीटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद, मित्र मेहली मिस्त्री यांना दिलेला रायगड जिल्ह्यातलाच अलिबागचा बंगला, आणि त्या घरातल्या आठवणींबद्दल मित्राला उद्देशून लिहिलेले शब्दसुद्धा. त्या शब्दांत लपवण्यासारखे काही नव्हते, उलट ते वाचून अनेकांना बरेच वाटले. पण ‘धाकट्याने व्यसनापायी मला छळले’ असे वाक्य कोणी मृत्युपत्रात लिहिले, तर ते वकील, कारकून, भाऊबंद सगळेच वाचतील, आणि वाचण्याआधीच धाकटा ते न्यायालयात आव्हान देईल.

व्यक्तिगत निरोप म्हणून पत्रातच, आणि तेही प्रत्येकाचे वेगळ्या पाकिटात. सगळ्यांना मिळून लिहिलेल्या पत्रात प्रत्येक जण आपल्या वाट्याला किती ओळी आल्या ते मोजतो. वेगळे पाकीट असले की मुलीला लिहिलेले मुलीपाशी राहते.

पण पत्र खासगी म्हणजे न्यायालयापासून सुरक्षित, असे समजू नये. मृत्युपत्राला आव्हान मिळाले तर हेच पत्र पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितले, की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. एका मुलाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दिले असेल, तर स्वतःच्या हस्ताक्षरातले शांत, खरे कारण अशा वेळी उपयोगी पडते. ‘थोरल्याला २०१५ मध्ये घरासाठी दहा लाख दिले, म्हणून आता धाकट्याला जास्त’ हे तपासता येणारे कारण आहे. ‘मुलीला लग्नात सगळे दिले’ हे खोटे निघाले, तर उलट प्रश्न उभा राहतो, की लिहिणाऱ्याला वस्तुस्थितीचे भान होते का, की कोणी त्याच्याकडून लिहून घेतले? रागाच्या भरात लिहिलेले पान दोन दिवस खणात ठेवून पुन्हा वाचावे, एवढे तरी करावे.

ठेवायचे कुठे?

बँकेच्या लॉकरमध्ये नको, हे एव्हाना लक्षात आले असेल. मृत्युपत्राचे ठीक आहे. ते लॉकरमध्ये राहू शकते, पनवेलच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येते, किंवा नोंदणी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. माघारीचे पत्र मात्र पहिल्या तासात हाती लागायला हवे. त्यासाठी त्याचे दोन भाग करणे सर्वांत सोपे. पहिल्या दिवसाचे एक पान : कोणाला कळवायचे, नेत्रदानाचा नंबर, थांबायचे की नाही, दाहिनी, विधी, पत्नीवर काय लादू नये, पैसे कुठे आहेत. हे पान पत्नी आणि मुलगा, किंवा एकटे राहत असाल तर शेजारी, अशा दोघांना आधी वाचून दाखवावे आणि त्याचा फोटो त्यांच्या फोनमध्ये असू द्यावा. वाचून दाखवताना घरात थोडी रडारड होईल, ‘कशाला अभद्र बोलता’ असेही होईल. ते त्या दिवशी झालेले परवडते. ज्येष्ठांच्या पत्नीने ते आधी ऐकलेले असेल, तर ऐन वेळी तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

वस्तूंची यादी आणि निरोपांची पाकिटे दुसऱ्या भागात. ती तेराव्यानंतर उघडली तरी बिघडत नाही. त्यात बँकेचे पासवर्ड, पिन लिहू नयेत; पत्र अनेकांच्या हातून जाणार असते. खाती कुठे आहेत एवढी यादी पुरे.

व्हॉट्सॲपवरच्या फॅमिली ग्रुपमध्ये संपूर्ण पत्र टाकण्याचा मोह टाळावा. दोन वर्षांनी विचार बदलतात, नवे पत्र लिहिले जाते, पण जुन्याचा स्क्रीनशॉट कोणाच्या तरी फोनमध्ये राहतो आणि पेटी कोणाची यावर तोच पुढे केला जातो. प्रत्येक पानावर तारीख, सही आणि ‘याआधीच्या सर्व सूचना रद्द’ ही ओळ असावी. नात मोठी होऊन पेटी सोडून गिटार वाजवू लागली, जावयाशी नाते तुटले, किंवा विद्युतदाहिनीबद्दलचे स्वतःचेच मत बदलले, की पान नव्याने लिहायचे. त्याला वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, शुल्क लागत नाही. जुने पान मात्र त्याच दिवशी फाडायचे, आणि ज्या दोघांच्या फोनमध्ये फोटो आहे त्यांना तो पुसायला सांगायचे.